वेळास: मैत्रिणीला लिहिलेली मेल आणि तुमचे अनुभव

सांजवारा
मैत्रिणीने विचारलं, मार्चमध्ये मुलांना घेऊन कुठे जाऊ? तिला पाठवलेली मेल देते. तुम्ही कुणाला कुठली जागा सुचवलीत, कुणाला 'नको जाऊस' म्हणालात, तेही लिहा.

"अगं, वेळासला जा. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणविसांचं गाव. लोकांच्या घरीच उतरायचं, ताटात वाढतील ते जेवायचं. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या कुंपणात समुद्री कासवांच्या अंड्यांच्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं निघाली असतील तर पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूत सोडतात. दोरीमागे उभं राहायचं, हात लावायचा नाही. आम्हाला पहिल्या दोन खेपांना एकही दिसलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी चार निघाली. त्यातलं एक वळून परत गावाकडे चालायला लागलं, तेव्हा आमचा चिरंजीव श्वास रोखून उभा होता. म्हणून दोन रात्री धर. तुझ्या मुलांना वाट बघता येते, त्यांना नक्की आवडेल. तुझ्या नणंदेला मात्र एसी आणि हॉटेलची सरबराई लागते, तिला नेऊ नकोस, दोघींचीही सुट्टी वाया जाईल."

भटक्या_७
पौर्णिमा गाठून जा, तेव्हा पिल्लं हमखास दिसतात. मादी रात्री अंडी घालायला येते, तीही दिसेल.

खाडीपलीकडचा
मादी रात्री येते हे खरं, पण ती दिसेल या भरवशावर जाऊ नका. पिल्लांचं तर तिथीवर काहीच नाही. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये इथे कासवं वाचवायचं काम सुरू केलं, तेव्हापासून घरट्यातली अंडी काढून कुंपणात तशाच खोल खड्ड्यात पुरतात. तिथून साधारण पन्नास दिवस मोजायचे. वाळू गार राहिली तर आणखी वेळ लागतो. घरट्यावरची वाळू खचून खळगा पडला की पिल्लं वर सरकतायत असं समजायचं. निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून विचारा, कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत? तरीही खात्री कुणी देणार नाही.

नातवाची आजी
माझे गुडघे दुखतात. गावातून किनाऱ्यापर्यंत चालणं, त्यात शेवटी वाळू. मी वाटेतच बसले. पण त्या घरच्या आजींबरोबर दुपारभर कोकमं फोडत गप्पा मारल्या, त्यासाठी मी पुन्हा जाईन.

मुंबईकर_बाबा
छान माहिती. मेच्या शेवटी आठ दिवसांची सुट्टी आहे, तेव्हाचं बुकिंग करतो.

खाडीपलीकडचा
तोवर घरटी रिकामी होतात. समुद्र आणि बाणकोटचा किल्ला बघायचा असेल तर या, कासवांसाठी नको.

रानजाई
आम्ही शनिवारी गेलो. दोरीपाशी माणसांच्या तीन रांगा, चार वर्षांच्या लेकीला फक्त पाठी दिसल्या. ती रडली. एवढ्या लहानांना न्यावं का, आमचं घरात अजून एकमत नाही.

सांजवारा
आम्ही मंगळवारी होतो, जेमतेम पंधरा माणसं होती. मेलमध्ये वार लिहायचा राहिला, आत्ताच तिला कळवते.