मदत हवी आहे: 'विठ्ठल' नावाची आद्याक्षरी कविता, पण 'ठ्ठ' वर गाडी अडली आहे

पाटीपेन्सिल:
आमच्या सोसायटीत दर शनिवारी पहिली-दुसरीतली बारा मुलं माझ्याकडे जमतात. आषाढीला त्यांच्याकडून एक छोटी कविता म्हणून घ्यायची आहे. कार्डशीटवर देवाचं नाव मोठ्या अक्षरांत कापायचं, प्रत्येक अक्षरासमोर त्यानेच सुरू होणारी ओळ लिहायची, आणि एकादशीला एकेका मुलाने आपलं अक्षर उंच धरून ओळ म्हणायची, अशी कल्पना आहे.

मी केलेलं हे:

वि – विटेवरी उभा देव
ठ – ठेवूनिया हात कटी
ल – लेकरांची माय तूच

अडचणी दोन. कार्ड कापताना एका मुलाने विचारलं, "ताई, जोडलेला ठ कुठे गेला?" मी कापला होता साधा ठ, त्यामुळे समोर लावल्यावर 'विठल' दिसत होतं. आणि तिसरी ओळ झाल्यावर कविता संपली असं वाटतच नाही. मुलं पुढच्या ओळीची वाट बघत उभी राहतात. काय करू?

गावाकडचा_बाळू:
ताई, एवढा विचार कशाला? काना-मात्रा, जोडाक्षर सगळं सोडून द्यायचं. व, ठ, ल घ्या आणि मोकळ्या व्हा. आपल्या शिवपंचाक्षर स्तोत्रात तरी काय आहे? 'नमः शिवाय'ची पाच अक्षरं आणि पाच श्लोक. त्यात कोणी मात्रा बघत बसलंय का?

ओवीवाली_आजी:
बाळू, तुझं अर्धं बरोबर आहे. त्या स्तोत्रात 'वा'चा श्लोक 'व'ने सुरू होतो आणि 'मः'चा 'मं'ने, म्हणजे सूट घेतली आहे खरी. पण 'शि'चा श्लोक 'शि'नेच सुरू होतो. जिथे जमलं तिथे मात्रा राखली, जिथे अडलं तिथे सोडली. सगळं सोडून द्या असं काही त्यातून निघत नाही. शिवाय ही मुलं आत्ता बाराखडी गिरवताहेत. 'वि'च्या कार्डावर नुसता 'व' दिसला तर उद्या वहीतही तेच लिहितील.

पाटीपेन्सिल, 'ठ्ठ'ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, तेव्हा ओळ 'ठ'नेच सुरू करायची. पण कार्डावर मात्र 'ठ्ठ'च कापा. कार्डावर नावातलं अक्षर, ओळीत त्याचा सोपा भाऊ. त्या मुलाला तसंच सांगा.

तिसऱ्या ओळीला कविता लटकते, कारण तुमच्या ओळी जुळतच नाहीत. देव, कटी, तूच. तीन अक्षरांच्या नावाला ओवीचा साचा चपखल बसतो. पहिले तीन चरण एका यमकाचे, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. तीन मुलं तीन ओळी म्हणतील, चौथी सगळ्यांनी मिळून:

विटेवरी भीमाकाठी
ठेवी दोन्ही हात कटी
लेकरांना घेई पोटी
माझा विठ्ठल!

वरच्या तिन्ही ओळींत आठ-आठ अक्षरं आहेत, मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'दोन्ही'ची अक्षरं दोन.

शनिवारची_शाळा:
आम्ही परदेशात मराठी शाळा चालवतो. मागे गणपतीला मुलांना देवनागरी नीट येत नाही म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरून ओळी केल्या. 'ए' तीनदा आला! एकाच नावात तीन ओळी 'अ' किंवा 'आ'च्या. पालक खूश, पण मुलांना वाटलं गणपतीत आठ अक्षरं असतात. यंदा देवनागरीच घेणार, पण 'गणपती'तल्या 'ण'चं काय करायचं?

ओवीवाली_आजी:
'ण'ने मराठी शब्द सुरू होत नाही आणि त्याला 'न' हा काही सोपा भाऊ नव्हे, ते वेगळंच अक्षर. नाव बदला. 'गजानन' घ्या. दोन 'न' येतात, पण नाच आणि नमन दोन्ही हाताशी आहेत. किंवा 'मोरया' घ्या, तीनच अक्षरं आहेत, वरचाच साचा चालेल.

कोरा_कागद:
मूळ प्रश्नाकडे येतो. बारा मुलं आहेत ना? मग 'पांडुरंग' घ्या. चार अक्षरं, एकेका कार्डामागे तीन मुलं, कोणी रिकामं राहत नाही. 'डु'ला लोक घाबरतात, पण 'डुलणे' आहे की. मी जुळवलं:

पांघरून पीतांबर
डुले देव विटेवर
रंगे वारीत पंढरी
गर्जे नाम भीमातीरी

ओवीवाली_आजी:
'डुले' छान सापडलं. पण पीतांबर पांघरत नाहीत हो, नेसतात. पांघरतात तो शेला. आणि विटेवरचा देव डुलत नाही, तो कमरेवर हात ठेवून ताठ उभा आहे. डुलू दे गळ्यातली माळ:

पांघरला लाल शेला
डुले गळा वनमाला

पुढच्या दोन ओळी आहेत तशा ठेवा.

कोरा_कागद:
मान्य! पण माळ तुळशीची हवी ना?

ओवीवाली_आजी:
हवी, पण 'तुळसमाला' घातलं की नऊ अक्षरं होतात. तुम्हाला आठांत बसवता आली तर मला आवडेल.

पाटीपेन्सिल:
आज दोन्ही कविता म्हणून बघितल्या. एक नवीनच गंमत झाली. मी अक्षराला एक टाळी असं सांगितलं होतं. 'विटेवरी भीमाकाठी'ला आठ टाळ्या बरोबर पडल्या, पण 'पांघरला लाल शेला'ला सहाच! लिहिलेली अक्षरं तर आठ आहेत.

ओवीवाली_आजी:
आपण बोलताना 'लाल'मधला दुसरा 'ल' अर्धाच म्हणतो आणि 'पांघरला'चं 'पांघर्‌ला' करतो. अभंग गाताना ती अक्षरं पूर्ण म्हणतात, म्हणून तिथे आठ भरतात. सात वर्षांच्या मुलांना 'ला-ल' असं ओढायला लावू नका, नाटकी वाटतं. अक्षराला टाळी देणं सोडा. ओळीला चारच टाळ्या द्या, टाळ वाजवल्यासारख्या: पांघ, रला, लाल, शेला. डुले, गळा, वन, माला. एका टाळीत दोन अक्षरं, मग कमी-जास्त उच्चार आपोआप सामावतो.

कोरा_कागद:
कार्डांबद्दल दोन गोष्टी, दोन्ही आमच्याकडे चुकल्या होत्या. एक, अक्षर कार्डभर काढू नका. उभ्या कार्डाचे चार समान भाग करा. वरचा भाग अनुस्वारासाठी, खालचा उकारासाठी, मधल्या दोनांत अक्षर. नाहीतर 'डु'चा उकार कापला जातो आणि 'पां'वरचा टिंब कडेला चिकटतो. शिरोरेघ प्रत्येक कार्डावर त्याच उंचीवर आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा. मुलं खेटून उभी राहिली की रेघ जुळते आणि नाव सलग दिसतं.

दोन, मुलांना तुम्ही त्यांच्या मागे उभं राहून रांगेत लावलंत तर प्रेक्षकांना 'गरंडुपां' दिसेल. आमच्याकडे दिसलं होतं. 'पां'वालं मूल मुलांच्या उजव्या टोकाला हवं.

गावाकडचा_बाळू:
गरंडुपां 😂 हे नाव मी आमच्या मांजराला ठेवतोय.

पाटीपेन्सिल:
मुलांना विचारलं. सहा जणांना 'विठ्ठल' हवा, कारण शेवटी सगळ्यांना ओरडायला मिळतं. सहा जणांना 'पांडुरंग', कारण 'डुले'ला डुलता येतं. दोन्ही बसवतेय. तुळशीच्या माळेसाठी कोणाला आठ अक्षरं सुचली तर शनिवारच्या आत सांगा, कार्डं अजून रंगवायची आहेत.