गृहकर्ज ९.१० वरून ७.९० टक्क्यांवर नेतोय, खर्च नक्की कितव्या महिन्यात वसूल होईल? (मदत हवी आहे)

अबोली_चिंचवड

नमस्कार मंडळी, आकडेमोडीत मदत हवी आहे.

आमचं गृहकर्ज एका गृहवित्त कंपनीकडे आहे. शिल्लक मुद्दल ३६ लाख, उरलेले हप्ते १६८, म्हणजे १४ वर्षं. दर ९.१० टक्के, फ्लोटिंग. हप्ता ३७,९७२ रुपये. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला, पण त्यातलं आमच्या दरात फारसं काही उतरलं नाही. आता एक सरकारी बँक ७.९० ने कर्ज घ्यायला तयार आहे.

बँकेने सांगितलेला खर्च असा: प्रोसेसिंग फी पाव टक्का, जीएसटी धरून १०,६२०. वकील आणि मूल्यांकन मिळून ७,५००. कागदपत्रं गहाण ठेवण्याचं मुद्रांक शुल्क ०.३ टक्के म्हणजे १०,८००. नोटीस ऑफ इंटिमेशनचं, म्हणजे गहाणाची सरकारी नोंद करण्याचं, फायलिंग १,३००. जुन्या कंपनीला फोरक्लोजर स्टेटमेंट आणि कागदपत्रांच्या यादीसाठी ५९०. एकूण ३०,८१०.

बँकेचा एजंट म्हणतो, मुदत २० वर्षांची करून घ्या, हप्ता २९,८८८ वर येईल, महिन्याला ८,०८४ वाचतील आणि सगळा खर्च चौथ्या महिन्यातच वसूल. ह्यांना हे पटत नाही. मलाही नाही, पण चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाहीये. साधारण तीन वर्षांनी, मुलीची दहावी झाली की, हे घर विकून मोठं घ्यायचा विचार आहे, म्हणून महिना नीट कळायला हवा.

ठाणेकर_काका

अबोलीताई, एजंटचं ऐकू नका. २० वर्षं केलीत तर एकूण भरणा २९,८८८ गुणिले २४०, म्हणजे ७१ लाख ७३ हजार. आत्ताच्या महागड्या कर्जाचे उरलेले सगळे हप्ते भरलेत तरी ६३ लाख ७९ हजारच होतात. दर कमी होऊन खिशातून जवळपास आठ लाख जास्त जातील. तो जे वाचतंय म्हणतो, त्यातलं बरंचसं फक्त पुढे ढकललेलं मुद्दल आहे.

मुदत १६८ महिनेच ठेवा. ७.९० ने हप्ता ३५,४८३ येतो, फरक २,४८९. ३०,८१० भागिले २,४८९ म्हणजे १३ वा महिना. हे खरं उत्तर.

वाशीचा_दुकानदार

माझ्या वेळी कर्ज हलवताना जुन्या कंपनीने शिल्लक रकमेवर दोन टक्के फोरक्लोजर घेतले होते, वर जीएसटी. तुमच्या ३६ लाखांवर हेच ७२ हजार होतात. ते तुम्ही धरलेलेच नाहीत. ते धरलेत तर हलवण्यात काही अर्थ नाही.

खतावणी

दुकानदार, तुमचं कर्ज धंद्यासाठी मालमत्ता तारण ठेवून घेतलेलं होतं का? गोष्ट वेगळी आहे. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर बँक किंवा गृहवित्त कंपनी मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावू शकत नाही. पैसे दुसऱ्या बँकेतून आले तरी लावता येत नाही. स्थिर दराचं असेल तर मात्र करार वाचावा लागतो. अबोलीताईंचं फ्लोटिंग आहे, त्यामुळे तिथे शून्य.

काकांचं २० वर्षांबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मुदत तीच ठेवायची हेही बरोबर. पण हप्त्यातला फरक म्हणजे पूर्ण बचत नव्हे. पहिल्या महिन्याचं पाहा. जुन्या कर्जात व्याज २७,३००, म्हणून हप्त्यातून मुद्दल फिटतं १०,६७२. नव्या कर्जात व्याज २३,७००, मुद्दल फिटतं ११,७८३. म्हणजे हप्ता २,४८९ ने कमी भरूनही मुद्दल १,१११ रुपये जास्त फिटलं. दोन्ही मिळून ३,६००. शिल्लक मुद्दल गुणिले दरातला फरक, भागिले १२ केलं तरी हेच येतं, आणि हीच पहिल्या महिन्याची खरी बचत. खिशात दिसणारा भाग २,४८९, उरलेला कर्ज खात्यात बसतो आणि घर विकताना हाती येतो. तुम्ही तीन वर्षांत विकणार आहात, म्हणून तो सोडून चालणार नाही.

खर्चात एक गोष्ट राहिली आहे. नवी बँक जुन्या कंपनीच्या नावाने डीडी काढते त्या दिवसापासून तिचं व्याज सुरू होतं. डीडी पोहोचून, वटून, जुनं खातं बंद होईपर्यंत तिकडचंही व्याज चालूच असतं. हे दुहेरी दिवस सहा धरा. ३६ लाखांवर ७.९० ने दिवसाला सुमारे ७८० रुपये, म्हणजे ४,६८०. एकूण खर्च ३५,४९० झाला.

आता ३५,४९० भागिले ३,६००, दहावा महिना. पण मुद्दल घटतं तशी बचतही थोडी घटते, आणि हे ३५,४९० तुम्ही जुन्याच कर्जात भरले असते तर तिथेही ९.१० ने व्याज वाचलं असतं. दोन्ही धरून स्प्रेडशीटमध्ये असं मांडा. A स्तंभात, A2 पासून खाली, महिने १, २, ३ असे, आणि हप्ता दोन्हीकडे ३७,९७२ च ठेवा, म्हणजे तुलना सरळ होते:

```
=FV(9.1%/12,A2,37972,-3600000)-FV(7.9%/12,A2,37972,-3600000)
=35490*(1+9.1%/12)^A2
```

पहिली ओळ म्हणजे दोन कर्जांच्या शिलकीतला फरक, दुसरी म्हणजे खर्चाची वाढत गेलेली किंमत. दहाव्या महिन्यात पहिली ३६,५८७ आणि दुसरी ३८,२७५, अजून तोटा. अकराव्यात ४०,३१७ विरुद्ध ३८,५६५. म्हणजे अकरावा महिना.

ठाणेकर_काका

मुद्दलाचं पटलं. पण ज्याचं महिन्याचं गणित ओढाताणीचं आहे त्याला खिशातलेच पैसे मोजावे लागतात. त्याच्यासाठी ३५,४९० भागिले २,४८९, १५ वा महिना हाच खरा.

खतावणी

हो काका, हातात पैसे परत कधी येतात हाच प्रश्न असेल तर १५ वा. अबोलीताईंचा प्रश्न वेगळा आहे.

रेवती_म

सगळे ९.१० शीच तुलना करताय, पण ताई ९.१० वर राहणारच नाहीत ना! गृहवित्त कंपन्या जुन्या ग्राहकाला रूपांतर शुल्क घेऊन दर खाली आणून देतात. आपणहून सांगत नाहीत, मागावं लागतं. फोरक्लोजर स्टेटमेंट मागितलं की बहुतेक वेळा त्यांचाच फोन येतो. आधी तो दर लेखी घ्या, मग त्याच्याशी तुलना करा.

मुद्रांक शुल्काबद्दलही एक. पहिल्या कर्जाच्या वेळी भरलेलं इथे उपयोगी पडत नाही, नव्या बँकेकडे कागद ठेवताना पुन्हा भरावं लागतं. त्यामुळे कर्ज दोनदा हलवायची वेळ येऊ नये.

अबोली_चिंचवड

रेवतीताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. काल स्टेटमेंटचा अर्ज दिला आणि आज कंपनीतून फोन. ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० भरा, दर ८.४० करतो. मुदत, कागदपत्रं सगळं जागच्या जागी. आता काय करू?

खतावणी

आता जुना ९.१० विसरा. प्रश्न ८.४० विरुद्ध ७.९० असा झाला. फरक अर्धा टक्का, पहिल्या महिन्याची बचत १,५००. हलवण्याचा जादा खर्च ३५,४९० वजा ५,९००, म्हणजे २९,५९०. साध्या भागाकाराने २० वा महिना. वरच्याच पद्धतीने, ८.४० आणि २९,५९० घालून, २३ वा महिना येतो.

तीन वर्षांनी घर विकलंत तर ३६ व्या महिन्यात निव्वळ फायदा सुमारे १८,७०० रुपये. दोन वर्षांतच विकलंत तर जवळजवळ काहीच नाही. मध्ये मोठी रक्कम भरून मुद्दल कमी केलंत तर बचत त्याच प्रमाणात आटते आणि महिना आणखी पुढे जातो.

रेवती_म

पण हे सगळं दोन दरांतलं अंतर तसंच राहील असं धरून आहे. बँकेचं कर्ज रेपोला जोडलेलं असतं, रेपो हलला की निदान तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलतो, वरही आणि खालीही. गृहवित्त कंपनीचा दर तिच्या पीएलआरवर, म्हणजे तिने स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर चालतो. रेपो घसरताना ती मागे राहते हे ताईंनी पाहिलंच आहे. आज ८.४० देतील, दीड वर्षाने पुन्हा अंतर एक टक्क्याचं होऊन पुन्हा शुल्क मागतील. मी असते तर बँकेत गेले असते.

खतावणी

रेपो वाढायला लागला तर उलटं होतं, बँकेचा दर आधी चढतो. तीन वर्षांच्या काळासाठी मी यावर पैज लावणार नाही. ज्यांना चौदाही वर्षं फेडायचं आहे त्यांनी मात्र रेवतीताईंचं ऐकावं.

वाशीचा_दुकानदार

खतावणी, हो, माझं दुकानावरचं कर्ज होतं. पण कागदपत्रांचा त्रास तर घरालाही असतो ना? माझी मूळ खरेदीखतं मिळायला फार वेळ गेला आणि नवी बँक रोज फोन करत होती.

खतावणी

तो त्रास खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला. ताई, कंपनीकडून कागदपत्रांची यादी शिक्क्यासह घ्या आणि तुमच्याकडच्या झेरॉक्सशी ताडून पाहा. इंडेक्स टू आणि बिल्डरच्या पावत्या यादीत नसतील तर आत्ताच विचारा, डीडी दिल्यावर नको.

अबोली_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. बँकेचं मंजुरीपत्र आलं आहे. दर ७.९० च आहे, पण कर्जाची रक्कम ३६ लाख ६० हजार लिहिली आहे. विचारलं तर म्हणाले, कर्ज सुरक्षेचा विमा त्यातच धरलाय. आम्ही मागितला नव्हता.

खतावणी

तो काढून टाकायला लेखी सांगा. कर्जासाठी तो विमा घेणं सक्तीचं नाही. ६० हजार खर्चात धरले तर ८.४० च्या तुलनेत साध्या भागाकारानेच ६० वा महिना येतो, तोवर तुमचं घर विकूनही झालेलं असेल. विमा हवाच असेल तर वेगळी टर्म पॉलिसी घ्या, ती कर्ज संपलं तरी चालू राहते.

ठाणेकर_काका

आणि विमा काढल्यावर ते दर वाढवत नाहीत ना, हेही नव्या मंजुरीपत्रात बघा. काही ठिकाणी विम्यासह एक दर आणि विम्याशिवाय दुसरा असतो.

अबोली_चिंचवड

हे विचारलंच नव्हतं काका. उद्या दोन्हीकडे जाते. बँकेकडून विम्याशिवायचं मंजुरीपत्र आणि कंपनीकडून ८.४० चं पत्र. विम्याशिवाय दर ८ च्या वर गेला तर ५,९०० भरून इथेच थांबायचं असं आमचं ठरलं आहे. ७.९० च राहिला तर ह्यांचं मत बँकेकडे आहे, माझं अजून नाही. कंपनीच्या पत्रात पीएलआरपासूनचं अंतर किती काळ कायम राहील हे लिहून मिळतं का? कुणाला मिळालं असेल तर कृपया सांगा.