मदत हवी आहे: बेचकीचं रबर ताणताना झालेलं कार्य, पाच आकडे आले, खरा कोणता?

मृण्मयी_क

नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला आहे. प्रोजेक्टसाठी तिने बेचकी घेतली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, मध्ये चामड्याचा तुकडा. बेचकी टेबलाला शिकंज्याने आवळली, चामड्याला बॅगा मोजायचा डिजिटल काटा अडकवला आणि सरळ मागे ओढत दर 5 सेंमीला थांबून आकडा लिहिला. काटा किलो दाखवतो, त्याला 9.8 ने गुणून न्यूटन केलं आहे.

```
सेंमी   किलो   न्यूटन
0       0      0
5       1.4    13.7
10      2.1    20.6
15      2.6    25.5
20      3.1    30.4
25      3.8    37.2
30      4.9    48.0
```

आलेख सरळ रेघ येत नाही. आधी चढ, मग जरा आडवा, शेवटी पुन्हा चढ. आता गोंधळ असा:

शेवटचं बल गुणिले अंतर केलं तर 14.4 ज्यूल. त्याचं निम्मं 7.2. पहिल्या रीडिंगवरून `k` काढून `½kx²` लावलं तर 12.3. आलेखाखालच्या पट्ट्यांची बेरीज केली तर 7.57. आणि 30 ग्रॅमचा वाळलेल्या मातीचा गोळा 30 सेंमी ओढून सोडला, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये (सेकंदाला 240 फ्रेम) 1 मीटर अंतर 15 फ्रेममध्ये कापलं. म्हणजे वेग 16 मीटर प्रति सेकंद, ऊर्जा जेमतेम 3.8 ज्यूल.

क्लासचे सर म्हणाले इंटिग्रेशन करा. पण सूत्रच नाही तर इंटिग्रेशन कशाचं करायचं? आणि निम्मी ऊर्जा गेली कुठे? लेक दोन दिवस वही मिटून बसली आहे, मला तिला काहीतरी ठोस सांगायचं आहे.

पैलतीर

`½kx²` च वापरा. `k` पहिल्या 5 सेंमीवरून काढलेला योग्य, कारण रबर तेव्हाच हूकचा नियम पाळतं, नंतर ते बिघडतं. 12.3 हे खरं उत्तर. पट्ट्यांची बेरीज म्हणजे अंदाजपंचे काम, सात बिंदूंवर क्षेत्रफळ कसं भरवशाचं असेल? शिवाय दोन पट्ट्या तिरक्या आहेत, इंग्रजी व्ही सारख्या. `cosθ` ने गुणायला हवं, ते तुम्ही विसरलात. तिथेच ऊर्जा हरवली असणार.

जुना_फिटर

मृण्मयीताई, आकडे छान घेतलेत. मी कारखान्यात स्प्रिंग आणि रबरी बुश तपासायचं काम 30 वर्षं केलं, तेव्हा हा आलेख ओळखीचा आहे. रबर असंच वागतं, तुमच्या मोजणीत चूक नाही.

आधी `cosθ` चं बघू. काटा कुठे अडकवला? चामड्याला. ओढला कुठल्या दिशेने? चामडं ज्या दिशेने सरकलं त्याच. म्हणजे काट्यावर जो आकडा आला तो दोन्ही पट्ट्यांचा ताण तिरकेपणासकट एकत्र होऊन आलेला आहे. आता पुन्हा `cosθ` लावलं तर तिरकेपणा दोनदा मोजला जाईल. प्रत्येक पट्टीचा ताण वेगळा मोजला असता तर गोष्ट निराळी. फक्त एक बघा, 30 सेंमी हे चामडं सरकलेलं अंतर हवं. पट्टी किती लांबली ते नको.

आता `k`. पहिल्या 5 सेंमीला 13.7 न्यूटन लागले. तोच चढ 30 सेंमीपर्यंत राहिला असता तर शेवटी 82 न्यूटन लागले असते. काटा 48 वर थांबला. मग न लावलेल्या बलाचं कार्य धरायचं कसं? 12.3 हा एका कधी न ताणलेल्या रबराचा आकडा आहे. 7.2 खऱ्याच्या जवळ आला तो योगायोगाने. सुरुवातीला तुमची वक्ररेषा सरळ रेघेच्या वर आहे आणि शेवटी खाली, त्यामुळे बरंचसं एकमेकांत फिटलं. दुसऱ्या रबरात फिटेलच असं नाही. आणि 14.4 म्हणजे पहिल्या सेंटीमीटरपासूनच 48 न्यूटन लागले असं धरणं. ते तर तुमचा तक्ताच खोटं ठरवतो.

राहिलं 7.57. सर म्हणाले ते इंटिग्रेशन तुम्ही केलेलंच आहे, ताई. सूत्र असेल तर पट्ट्या हव्या तेवढ्या बारीक करता येतात, तक्ता असेल तर 5 सेंमीच्या जाडीवर थांबावं लागतं, एवढाच फरक. जाडी पुरेशी बारीक आहे का ते असं तपासा. एक सोडून एक रीडिंग घ्या: 0, 10, 20, 30. बेरीज 7.50 येते. पट्टी दुप्पट रुंद करूनही 0.07 चाच फरक, म्हणजे सात बिंदू पुरे आहेत. फार तर 2.5 सेंमीला एक रीडिंग वाढवा, कारण वळण तिथे जास्त आहे. शीटमध्ये सेंमी A2 पासून A8 आणि किलो B2 पासून B8 असतील तर:

```
=SUMPRODUCT((A3:A8-A2:A7)*(B3:B8+B2:B7)/2)*9.8/100
```

शेवटचा 100 सेंमीचे मीटर करायला. तो राहिला की उत्तर 757 येतं आणि मुलं तसंच लिहून मोकळी होतात.

पण हरवलेल्या ऊर्जेसाठी हा आलेख अर्धाच आहे. तुम्ही फक्त ताणताना मोजलंत. सैल सोडताना मोजा. तेच अंतर, उलट क्रमाने. दोन गोष्टी सांभाळा. डिजिटल काटा आकडा स्थिर झाला की धरून ठेवतो, परत येताना तो जुनाच आकडा दाखवत बसेल. साधा स्प्रिंगचा हुकाचा काटा घ्या. आणि येताना 25 च्या पुढे 24 वर गेलात तर पुन्हा 25 ला ताणू नका, रीडिंग सोडून द्या. रबराला मागचं आठवतं. चष्मा लावून करा, पट्टी तुटली की थेट तोंडावर येते.

आजोळ

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारते. आमच्या आजोळच्या विहिरीवर अजून रहाट आहे. खोली 12 मीटर, पाण्यासकट पोहरा 10 किलो, काथ्याचा ओला दोर मीटरला पाव किलो. पोहरा वर येताना दोर गुंडाळला जातो, म्हणजे भार कमी होत जातो. हेही बदलतं बलच ना? मी 13 किलो गुणिले 12 मीटर असं केलं. चुकलं का? आणि पोहरा गळका असेल तर?

जुना_फिटर

आजोळताई, तुमचा आलेख मात्र सरळ रेघ आहे. तळाशी 13 किलो, वर 10. मधली उंची 11.5, गुणिले 12, गुणिले 9.8, साधारण 1352 ज्यूल. तुमच्या 13 किलोच्या हिशेबाने 1529 येतं. रहाटाचं घर्षण यात धरलेलं नाही.

गळका पोहरा मात्र खरंच विचार करायला लावतो. दोर किती वर आला यावर दोराचं वजन ठरतं. गळती मात्र वेळेवर ठरते. एकसारख्या वेगाने ओढलंत तर हिशेब जमतो. पण मध्ये दम खायला थांबलात तर पाणी गळत राहतं आणि विस्थापन शून्य. आलेखात तिथे खाली जाणारी उभी रेघ येते. उभ्या रेघेखाली क्षेत्रफळ नसतं, म्हणजे थांबलात तेवढ्यात कार्य झालं नाही, पण पुढचा सगळा आलेख खाली सरकला. तोच पोहरा, तीच विहीर, दोन जणांचं कार्य वेगळं. नुसती खोली सांगून उत्तर देता येत नाही.

आजोळ

हाताला मात्र थांबल्यावरच जास्त कळ लागते. भरला पोहरा तसाच धरून ठेवायचा म्हणजे खांदे भरून येतात. तेव्हा कार्य शून्य हे मनाला पटत नाही.

मृण्मयी_क

फिटरकाका, लेकीने काल संध्याकाळी पुन्हा मोजलं. भाजीवाल्या मावशींनी हुकाचा काटा दिला. जाताना आकडे तेच आले. येताना:

```
सेंमी   30    25    20    15    10    5     0
किलो    4.9   3.1   2.4   1.9   1.5   0.9   0
```

क्षेत्रफळ 6.0 ज्यूल! 25 सेंमीला जाताना 3.8 आणि येताना 3.1, हे बघून ती काट्यावरच संशय घेत होती. तिसऱ्यांदा केलं, तेच. पट्टी शेवटी अर्धा सेंमी लांब राहिली आणि थोड्या वेळाने पूर्ववत झाली. शिवाय 30 सेंमीला धरून ठेवलं की काट्याचा काटा आपोआप 4.9 वरून 4.7 पर्यंत उतरतो. हात हललेला नाही, मी स्वतः पट्टीवर नजर ठेवून बसले होते.

जुना_फिटर

काटा बरोबर आहे. दोन रेघांमध्ये जी फट पडली ते 1.57 ज्यूल रबराने स्वतःकडे ठेवले, उष्णता झाली. हवं तर रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावून बघा, कोमट लागेल. सैल सोडून पुन्हा लावा, गार लागेल. ही गरमी-गारवा सगळीच्या सगळी तोटा नव्हे, पण रबर ताणणं हा उष्णतेचाही व्यवहार आहे एवढं त्यातून कळतं.

म्हणजे गोळ्यासाठी हातात 6.0 होते. पट्ट्या आणि चामड्याचं वजन करा. तीही गोळ्याबरोबर धावतात.

मृण्मयी_क

सोनाराकडच्या काट्यावर केलं. दोन पट्ट्या मिळून 9 ग्रॅम, चामडं 4 ग्रॅम.

जुना_फिटर

चामड्याचा वेग गोळ्याइतकाच, म्हणून 0.5 ज्यूल. पट्टीचं एक टोक स्थिर आणि दुसरं 16 च्या वेगाने, मधला प्रत्येक भाग आपापल्या अंतराप्रमाणे. त्याची बेरीज केली की निम्म्याऐवजी एक षष्ठांश येतं: `Mv²/6`, म्हणजे 0.4. गोळ्याचे 3.8 धरून 4.7 झाले. अजून 1.3 उरतात.

15 मध्ये एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी गोळ्याच्या ऊर्जेत अर्धा ज्यूल हलतो. तरी 1.3 त्यात मावत नाहीत. माझा अंदाज, सोडल्यावर रबर फार झटकन आकसतं आणि तेव्हाची परतीची रेघ तुमच्या सावकाश मोजलेल्या रेघेच्याही खाली असते. जड गोळा लावून बघा. वेग कमी झाला आणि तूट घटली तर अंदाजाला बळ मिळेल.

पैलतीर

`cosθ` आणि `k` चं मान्य, माझी चूक. पण वेगामुळे रेघ खाली जाते हे तुम्ही मोजलेलं नाही. हवेचा विरोध असेल, गोळा बेचकीला घासला असेल, सोडताना बोटं थोडी पुढे गेली असतील. 30 ऐवजी 28 सेंमीवरून सुटला तरी अर्ध्या ज्यूलच्या वर जातो. सुटण्याच्या क्षणाची फ्रेम बघा.

मृण्मयी_क

दोघांचंही केलं. 60 ग्रॅमचा गोळा, 1 मीटरला 19 फ्रेम, वेग 12.6. गोळा 4.8, पट्ट्या 0.2, चामडं 0.3, एकूण 5.3. तूट 1.3 वरून 0.7 वर आली.

पण पैलतीर म्हणतात तेही दिसलं. हलक्या गोळ्याच्या व्हिडिओत सुटायच्या आधी चामडं साधारण 1 सेंमी पुढे आलेलं आहे, जड गोळ्याच्या वेळी ते नीट दिसतच नाही, बोट आड येतं. शनिवारी दोरा बांधून तो कात्रीने कापून सोडणार आहे, म्हणजे बोटांचा प्रश्न राहणार नाही. वही उघडली आहे, दोन्ही रेघा एकाच कागदावर काढून मधली फट तिने पेन्सिलने भरली आहे. शनिवारचे आकडे इथेच टाकते.