शब्दचर्चा: फोटोला 'धार' लावायची, 'उठाव' द्यायचा की आणखी काही?

सायली_गिरगाव
आमच्या वाडीच्या मंडळात फोटो काढणाऱ्या मुलांसाठी दोन पानी टिपण लिहितेय आणि 'शार्पनिंग' व 'नॉइज रिडक्शन' या दोन शब्दांवर गाडी अडली आहे. 'तीक्ष्णीकरण' लिहिलं तर मुलं टिपण बाजूला ठेवतील. पण शब्दाआधी अर्थाचाच घोळ आहे. विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर आयएसओ 6400 ला काढलेला फोटो मी पडद्यावर छान दिसेल इतपत शार्प केला. 12 बाय 8 इंचांचा प्रिंट मात्र मऊ आला. प्रिंटवाला म्हणाला, "पडद्यावर डोळ्यांना खुपेल इतका शार्प करून आणा." तसं केल्यावर प्रिंट झकास! मग तेच आकडे वेबसाठीच्या 1500 पिक्सेलच्या फाईलला लावले, तर मुकुटाभोवती पांढरी किनार आणि आकाशात नुसत्या मुंग्या. एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत का?

पाणिनीचा_शेजारी
नॉइजला 'गोंगाट' हा सुंदर शब्द आहे. 'गोंगाट-निवारण' म्हणा. विसर्जनाच्या मिरवणुकीत तर त्याची फार गरज आहे.

सायली_गिरगाव
अहो, फोटोतला नॉइज! आवाजाचा नाही. :)

भटक्या_बोरिवली
सोपं आहे. प्रिंटला शार्पनिंग जास्त, वेबला कमी. आणि प्रिंटमध्ये सगळं उघडं पडतं, म्हणून नॉइज मात्र प्रिंटसाठी पूर्ण घासून काढायचा. शब्द म्हणाल तर 'धार'. सरळ, सगळ्यांना कळणारा.

मंदाकाकू
माझ्या सासऱ्यांचा फोटो फ्रेम करायचा आहे. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. दुकानदाराने "धार मारून देतो" म्हणून मोठा केला, तर चेहरा प्लास्टर केल्यासारखा आणि चष्म्याच्या काड्यांना दोन-दोन रेघा. म्हणजे धार लावल्यावर फोटो फाटतो का?

शाईचा_डाग
लोअर परळच्या छापखान्यात प्री-प्रेसला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काकूंचं. व्हॉट्सॲप फोटो लहान करून आणि दाबून पाठवतं. जो तपशील फाईलमधून गेला तो धार लावून परत येत नाही. शार्पनिंग फक्त कडेच्या उजळ बाजूला अधिक उजळ आणि गडद बाजूला अधिक गडद करतं, डोळा त्याला स्पष्टपणा समजतो. काड्यांच्या दोन रेघा त्या याच. भाच्याकडून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

आता सायलीताई. ती किनार किती रुंद, हे `Radius` ठरवतो आणि तो पिक्सेलमध्ये मोजतात. खरी गोम इथे आहे, कारण पिक्सेलला स्वतःचं माप नाही. 12 इंचांत 3600 पिक्सेल छापले, म्हणजे इंचाला 300, तर एक पिक्सेल 0.085 मिलिमीटर. `Radius` 1.5 ठेवलात तर कागदावर जेमतेम 0.13 मिलिमीटर. हातभर अंतरावरून किनार दिसत नाही, फक्त रेष ठसठशीत वाटते. साध्या मॉनिटरवर इंचाला साधारण 96 पिक्सेल असतात. तोच 1.5 तिथे 0.4 मिलिमीटर होतो, तिपटीहून जास्त. ती तुमची मुकुटाभोवतीची प्रभावळ. म्हणून वेबची फाईल 1500 ला लहान करून झाल्यावर `Radius` 0.3 च्या आसपास ठेवा आणि किनारीचा जोर ठरवणारा `Amount` बेताने वाढवत बघा.

प्रिंटवाला 'खुपेल इतका' म्हणतो त्याचंही कारण हेच. 100 टक्क्यांवर बघता तेव्हा 12 इंचांचा फोटो मॉनिटरवर 37 इंचांचा होऊन समोर असतो. शिवाय शाई कागदात पसरते, कडा बोथट होतात. ग्लॉसीवर कमी, मॅटवर जास्त. तो बोथटपणा आधीच भरून काढावा लागतो. भटक्यांचं 'जास्त' बरोबर आहे, पण नुसता `Amount` वाढवून भागत नाही, किनारीची रुंदी त्या-त्या माध्यमाला जुळली पाहिजे.

भटक्या_बोरिवली
मान्य. पण नॉइजचं तरी बरोबर ना?

शाईचा_डाग
तिथे उलट आहे. 300 च्या प्रिंटमध्ये बारीक दाणे इतके लहान होतात की कागदच ते गिळतो. ते घासायला गेलात तर सोबत केस, जरीचे धागे, गुलालाचे कण जातात, आणि कागदावर तो मेणचटपणा मात्र दिसतो. वेबला वेगळं घडतं. 6000 पिक्सेलचा फोटो 1500 चा करताना 16 पिक्सेलचा एक होतो, त्या सरासरीत विखुरलेले दाणे सुमारे पाव उरतात. म्हणजे आकार कमी केला हीच अर्धीअधिक सफाई.

जातात ते दाणे. रंगीत डाग, म्हणजे काळ्या आकाशातले जांभळे-हिरवे ठिपके, वीस-तीस पिक्सेल रुंद असतात. ते लहान करूनही उरतात आणि छापूनही दिसतात. ते दोन्हींसाठी सुरुवातीलाच, रॉ फाईलवर काढा. कागदासाठी किंवा पडद्यासाठीची धार मात्र अगदी शेवटी, आकार ठरल्यावर.

सायली_गिरगाव
मग माझ्या आकाशात मुंग्या का आल्या? लहान करताना त्या गेल्या असणार ना?

शाईचा_डाग
पाव उरल्या होत्या, त्यांनाच तुम्ही धार लावलीत. यंत्राला दाणा आणि मुकुटाची कड यातला फरक कळत नाही. लाइटरूममध्ये रॉवर पहिली धार लावताना Alt दाबून `Masking` सरकवा, पडदा काळा-पांढरा होतो. काळ्या भागाला धार लागत नाही. आकाश काळं आणि मुकुट पांढरा दिसेपर्यंत सरकवा. शेवटची धार फोटोशॉपमध्ये लावत असाल तर तिथे हेच काम `Threshold` करतो. वेबला आणखी एक त्रास: धार लागलेले दाणे जेपेगमध्ये नीट दबत नाहीत. फाईल फुगते, नाहीतर आकाशात चौकोन दिसू लागतात.

अंधारखोली
हे वाचून जुने दिवस आठवले. 'अनशार्प मास्क' हे नाव आमच्या डार्करूममधलं. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर केलेली फिकी पॉझिटिव्ह बनवायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायचा. धूसर तो मास्क, फोटो नव्हे. आम्ही तेव्हाही 'उठाव आला' म्हणायचो, 'धार आली' कधीच नाही. धार म्हटलं की लेन्सची आठवते, ती लेन्समध्ये असते किंवा नसते.

पाणिनीचा_शेजारी
गोंगाट मागे घेतो. 'दाणे' चालेल, पण रंगीत डागांना दाणे कसं म्हणणार? वेगळा शब्द हवा. आणि 'उठाव' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे 1857 येतो.

मृण्मयी
आमच्या घरी जुन्या टीव्हीवर 'मुंग्या' यायच्या. बारीक नॉइजला तोच शब्द ठेवा, मुलांना न सांगता कळेल.

सायली_गिरगाव
आजच्या मुलांनी टीव्हीवरच्या मुंग्या कुठे पाहिल्यात, मृण्मयी? तरी सध्या असं लिहितेय: बारीक ते 'दाणे', रंगीत ते 'डाग', आणि शार्पनिंगला दोन शब्द. रॉवर लावतो ती 'धार', शेवटी कागदासाठी किंवा पडद्यासाठी देतो तो 'उठाव'. किनारीला 'प्रभावळ' तर चोरलाच. प्रदर्शनाचा कागद मॅट आहे, `Radius` किती ठेवू?

शाईचा_डाग
1.5 पासून सुरू करा, पण माझ्या आकड्यावर पूर्ण फोटो छापू नका. मूर्तीचा चेहरा आणि मागचं आकाश दोन्ही येतील असा 6 बाय 4 इंचांचा तुकडा पूर्ण मापातून कापा. 1, 1.5 आणि 2 असे तीन नमुने त्याच कागदावर काढा. वाळल्यावर भिंतीला लावून प्रेक्षक उभे राहतील तिथून बघा. धार आणि उठाव वेगळे करणं मला पटलेलं नाही, कारण छापखान्यात कोणी तसं बोलत नाही.

मंदाकाकू
भाच्याने मूळ फोटो पाठवला. चष्म्याची काडी एकच आहे.