मदत हवी आहे: मिरजेच्या तंबोरा कारागिरांना पत्र

नमस्कार मंडळी. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या एका काकांचं काम आमच्या वारसा चॅनेलसाठी चित्रित करायचंय. फोनवर ते म्हणाले, "आधी कागदावर लिहून द्या." मसुदा असा केलाय:

"आदरणीय काका, सा. न.
भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं तुमचं काम आम्हाला टिपायचं आहे. आम्ही दोघेच येऊ, दोन दिवस. तुमच्या कामाचा खोळंबा होईल, म्हणून दोन्ही दिवसांची मजुरी आल्याबरोबर रोख देऊ. चित्रण आधी तुम्हाला दाखवू, नको म्हणाल तो भाग काढू. जाहिरातीसाठी कुणालाही देणार नाही."

अडलंय ते जवारीपाशी, म्हणजे तारेचा नाद खुलवण्याच्या कामापाशी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीने जरा घासायचा, तार छेडायची, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. ही त्यांच्या घरची विद्या. "जवारीच्या वेळी हात जवळून टिपणार नाही, फक्त आवाज घेऊ," असं पत्रातच लिहू, की समोर बसून विचारू? आधीच लिहिलं तर त्यांना उगाच शंका येईल अशी भीती वाटते. शिवाय आवाजासाठी पंखा बंद ठेवावा लागेल, तेही आत्ताच सांगावं का?

ज्यांच्या घरात अशी कारागिरी आहे, त्यांनी कृपया सांगा.