बेझियन पेपर वाचताना: इंटरव्हल 1 ओलांडतो, तरी फायद्याची शक्यता 95 टक्के कशी?

मेळघाट_ओपीडी
नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयात आहे. तालुक्यातले आम्ही काही डॉक्टर मिळून पेपर वाचतो, यावेळी अँड्रोमेडा-शॉक या ट्रायलचा पेपर घेतलाय. सेप्टिक शॉकमध्ये सलाईन किती द्यायचं हे रक्तातलं लॅक्टेट बघून ठरवायचं, की बोटाच्या पेरावर काचेची स्लाइड 10 सेकंद दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघून? आमच्याकडे लॅक्टेटची मशीन नाही, स्लाइड मात्र आहेत, म्हणून जास्त उत्सुकता.

रुग्ण 424. 28 दिवसांत स्लाइडच्या गटात 34.9% दगावले, लॅक्टेटच्या गटात 43.4%. हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर, 0.75; 1 आला तर फरक नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.55 ते 1.02, पी-व्हॅल्यू 0.06. 2019 च्या मूळ पेपरचा निष्कर्ष: मृत्यू कमी झाले नाहीत. 2020 मध्ये त्याच रुग्णांवर बेझियन विश्लेषण आलं आणि ते म्हणतं, फायदा असण्याचीच शक्यता जास्त. एकाच डेटातून दोन निष्कर्ष कसे? आणि प्रायर, म्हणजे डेटा बघण्याआधीचा अंदाज, आपल्या सोयीचा तर घेतला नाही ना, हे आमच्यासारख्याने कसं तपासायचं?

निवृत्त_मास्तर
फार डोकं लावू नका. क्रेडिबल इंटरव्हल म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हलच, फक्त नाव नवं. प्रायर सपाट ठेवला की तेच आकडे येतात. 1 ओलांडला म्हणजे फायदा नाही, तिथेही तोच नियम.

संख्याशास्त्र_वर्धा
मास्तर, अर्धं बरोबर आहे. सपाट प्रायर घेतला तर इथे आकडे जवळपास तेच येतात, पण 1 ओलांडण्याचा नियम इकडे लागू होत नाही. क्रेडिबल इंटरव्हल सांगतो की हा डेटा आणि हा प्रायर मान्य केला तर खरा रेशो 95% शक्यतेने या दोन आकड्यांमध्ये आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हलबद्दल असं म्हणता येत नाही. तिथले 95% त्या पद्धतीचे असतात, या एका निकालाचे नसतात.

डॉक्टर, तपासायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. पेपरमधला रेशो आणि इंटरव्हल एवढ्यावर अंदाजी हिशोब होतो. खालच्या ओळी आर मध्ये चालवा. `ps` म्हणजे प्रायर किती पसरट आहे ते. हिशोब रेशोच्या लॉगवर आहे, म्हणून त्याचा मध्य शून्यावर, म्हणजे रेशो 1, 'काही फरक नाही' इथे धरलाय.

```
m <- log(0.75)
s <- (log(1.02) - log(0.55)) / 3.92
ps <- 0.355
v <- 1 / (1/s^2 + 1/ps^2)
pm <- v * m / s^2
exp(pm + c(-1.96, 0, 1.96) * sqrt(v))
pnorm(0, pm, sqrt(v))
```

0.355 का? कारण त्या प्रायरमध्ये रेशो 0.5 ते 2 च्या आत असण्याची शक्यता 95% होते. 'मृत्यू निम्म्यावर आणणारा उपाय क्वचितच सापडतो' असं मानणाऱ्या शंकेखोर माणसाचा हा प्रायर. उत्तर येतं 0.79, इंटरव्हल 0.59 ते 1.04, आणि रेशो 1 च्या खाली असण्याची शक्यता सुमारे 95%.

तुमच्या शीर्षकातला प्रश्न इथेच सुटतो. 95% चा इंटरव्हल दोन्ही टोकांना अडीच-अडीच टक्के बाहेर सोडतो. इथे 1 च्या वर साधारण 4.8% उरतात, अडीचपेक्षा जास्त, म्हणून इंटरव्हल 1 ओलांडतो. उरलेले 95% मात्र 1 च्या खालीच आहेत. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. 2020 च्या पेपरचं मॉडेल वेगळं आहे, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, दिशा जुळेल.

मेळघाट_ओपीडी
चालवून बघितलं, जमलं. पण 0.355 ऐवजी दुसरा आकडा टाकला तर? मनाला येईल ते टाकता येतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?

संख्याशास्त्र_वर्धा
मुद्दाम बदलून बघाच, खरी तपासणी तीच. `ps` 0.2 करा. आता माणूस फारच शंकेखोर झाला. रेशो 0.84, इंटरव्हल 0.66 ते 1.07, फायद्याची शक्यता सुमारे 92%. सपाट प्रायर घेतला तर साधारण 97%. दिशा टिकली, जोर कमी झाला.

प्रायरचं वजन किती हे बघायला मी ते मृत्यूंच्या आकड्यात मोजून बघतो. दोन्ही गट साधारण सारखे असतील तर 4 ला `ps` च्या वर्गाने भागायचं. 0.355 ला जवळपास 32 येतात, 0.2 ला 100. म्हणजे पहिला प्रायर जणू 32 मृत्यूंचा एक लहान अभ्यास आधीच झाला होता आणि त्यात फरक दिसला नव्हता, असं धरतो. या ट्रायलमध्ये खरे मृत्यू 166 होते. 166 पुढे 32 हलके, 100 बरेच जड. पेपरमध्ये प्रायरचे हे वजन कळेल इतकाही तपशील दिला नसेल, किंवा एकच प्रायर लावून निकाल दिला असेल, तर तिथे थांबायचं.

आणखी एक गोष्ट पेपरमध्ये शोधा. '1 पेक्षा कमी' यात 0.99 पण येतो, आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग? रेशो 0.9 पेक्षा कमी असण्याची शक्यता विचारा. 0.355 च्या प्रायरने ती 83% येते, 0.2 ने 72%. शेवटच्या ओळीत `0` च्या जागी `log(0.9)` टाका.

कापूस_अकोला
हे तर माह्या कामाचं निघालं राजेहो! पीएचडीत बोंडअळीच्या फवारणीचा प्रयोग आहे, चार रेप्लिकेशन. पी-व्हॅल्यू 0.09 आली, गाईड म्हणते सिग्निफिकंट नाही. आता बेझियन करून टाकतो, 95% लिहितो, काम झालं. चालते ना?

संख्याशास्त्र_वर्धा
नाही चालत भाऊ. पी-व्हॅल्यू बघितल्यावर पद्धत बदलली आणि प्रायर नंतर निवडला, तर त्या 95% ला अर्थ राहत नाही. मूळ अँड्रोमेडाच्या लोकांवरही हा आक्षेप येतो, कारण 2020 चं विश्लेषण निकाल कळल्यानंतरचं आहे. त्यांनी निदान आशावादी आणि निराशावादी असे वेगवेगळे प्रायर शेजारी शेजारी मांडले.

तुमच्याकडे शिवाय चारच रेप्लिकेशन. एवढ्याशा डेटात प्लॉट-प्लॉटमधला फरक किती, हेच नीट कळत नाही. `ps` निम्मं केलं की उत्तर पार हलेल, आणि तसं हललं की समजायचं, डेटा नाही, प्रायर बोलतोय. पुढच्या हंगामाआधी प्रायर लिहून गाईडकडे द्या. मागच्या हंगामांचे, दुसऱ्या केंद्रांचे आकडे असतील तर त्यावरून बांधा.

कापूस_अकोला
म्हणजे अजून एक खरीप. हाव, समजलं.

रातपाळी
एवढा हिशोब झाला, पण 2025 ची अँड्रोमेडा-शॉक-2 कोणी काढली नाही. सुमारे 1,500 रुग्ण. 28 दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच. जो फायदा दिसला तो मृत्यू, अवयवांना यंत्राचा किंवा औषधाचा आधार लागलेले दिवस आणि रुग्णालयातले दिवस एकत्र मोजलेल्या निकषावर, आणि तो मुख्यतः आधाराच्या दिवसांतून आला. मग ते 95% कुठे गेले?

निवृत्त_मास्तर
बघा! सरळ पी-व्हॅल्यूच बरोबर निघाली.

संख्याशास्त्र_वर्धा
पी-व्हॅल्यूने 'फरक नाही' असं कधीच म्हटलं नव्हतं, मास्तर. पुरावा पुरेसा नाही, इतकंच तिचं म्हणणं. 95% मध्येही 5% उरतातच, आणि 1 च्या अगदी जवळचे रेशोही त्यातल्या 95% मध्ये होते. शिवाय दुसऱ्या ट्रायलमध्ये स्लाइडसोबत इतर तपासण्यांवर आधारलेले टप्पेही होते, उपाय जसाच्या तसा नव्हता. पण एक मान्य: लहान ट्रायलमध्ये मोठा फायदा दिसला की 0.2 चाच प्रायर जास्त शहाणा वाटतो.

रातपाळी
निकाल कळल्यावर 0.2 शहाणा वाटतो. 2020 मध्ये तो कोणी निवडला असता का, हा माझा प्रश्न.

मेळघाट_ओपीडी
वाचनाला दोन्ही ट्रायल घेतो आता. रातपाळी, शंका रास्त आहे, आमच्यात यावरच वाद होईल. आणखी एक: पहिली ट्रायल दक्षिण अमेरिकेतल्या 28 रुग्णालयांच्या आयसीयूमधली, स्लाइड दर अर्ध्या तासाला दाबायची. आमच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते. ते कोणत्याच प्रायरमध्ये बसत नाही. कोणी वॉर्डात करून बघितलंय का?