दगडाने गाडीचं ऑइल चेंबर फुटलं तर विम्याचं कोणतं कव्हर?
“कंझ्युमेबल्स घेतलंय, मग इंजिन प्रोटेक्ट कशाला?”

भाऊ, दोन्ही मूळ पॉलिसीवरची जादा कव्हर, पण दोघांचे पार्ट वेगळे. गेल्या पावसाळ्यात पारोळ्याजवळ माझ्या गाडीचं चेंबर दगडाला लागून फुटलं, ऑइलचा लाल दिवा लागला तसं लगेच बंद केली. चेंबर मूळ पॉलिसीत घसारा कापून मिळालं, आणि नवीन ऑइल, फिल्टर, नटबोल्ट हे कंझ्युमेबल्समधून, तेही अपघाताचा क्लेम मंजूर झाला म्हणूनच, नेहमीच्या सर्व्हिसिंगला ते चालत नाही. ऑइल गळून क्रँक, बेअरिंग, पिस्टन जाम झाले असते तर तो खर्च इंजिन प्रोटेक्टचा. पण दिवा लागल्यावरही चालवली किंवा पाणी शिरल्यावर पुन्हा सेल मारला असं सर्व्हेयरला दिसलं तर तोही क्लेम अडकू शकतो, म्हणून सरळ टो करून न्या.